काचेसमोर काय आहे, ते आधी सांगा

ओळखीच्या एका चष्मेवाल्यांनी परवा माझ्यासमोर मोबाइल धरला. दुकानात नव्याने आलेल्या फ्रेमच्या जाहिरातीसाठी त्यांनी एआयकडून चित्र करून घेतलं होतं. समुद्रकिनारी उभी असलेली तरुणी, मागे माडांची रांग, डोळ्यांवर तपकिरी गॉगल. "चित्र छान आलंय, पण काहीतरी खटकतंय. नेमकं काय ते सापडत नाही," ते म्हणाले.

चित्र मोठं करून पाहिलं आणि खटकण्याचं कारण लगेच सापडलं. गॉगलच्या डाव्या काचेत माड दिसत होते, उजव्या काचेत उंच इमारती. मुलगी तर समुद्राकडे तोंड करून उभी होती! माड तिच्या पाठीमागे होते, म्हणजे ते तिच्या गॉगलमध्ये दिसणं शक्यच नव्हतं. शिवाय दुकानातली खरी फ्रेम नाजूक होती आणि चित्रातली चांगली जाडजूड. काचा खोट्या आणि फ्रेम भलतीच, अशी दुहेरी गडबड होती.

मी बरीच वर्षं वस्तूंची छायाचित्रं काढतो. अलीकडे अशी एआय चित्रंही करतो आणि इतरांची दुरुस्तही करतो. या कामात चष्म्याइतका त्रास दुसरी कुठलीच वस्तू देत नाही. पिशवी, चप्पल, डबा यांचं वर्णन लिहिलं की चित्र बऱ्यापैकी जमतं. चष्म्याची काच मात्र स्वतः जवळजवळ दिसतच नाही. तिच्या पलीकडचं आणि तिच्यासमोरचं, एवढंच तिच्यात दिसतं. म्हणून प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे चित्र मागण्यासाठी आपण जो मजकूर लिहितो त्यात, काचेची कितीही विशेषणं लिहिली तरी उपयोग होत नाही. काचेच्या मागे काय आहे आणि काचेसमोर काय आहे, ते लिहावं लागतं. हे कसं लिहायचं, ते या लेखात एकच फ्रेम घेऊन पाहू.

शंभरातले चार

आधी काचेचा हिशेब समजून घेऊ. आजकाल चष्म्याच्या बहुतेक 'काचा' प्लॅस्टिकच्या असतात, पण बोलताना आपण काचच म्हणतो. नेहमीच्या वापरातल्या प्लॅस्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. अशा पृष्ठभागावर समोरून शंभर भाग प्रकाश पडला की चार भाग परत फिरतात आणि बाकीचे आत जातात. काचेला पुढची आणि मागची अशा दोन बाजू असल्यामुळे कोटिंग नसलेल्या काचेतून शंभरातले सुमारे ९२ भाग पार होतात आणि आठ परत येतात.

आता चेहऱ्याकडे वळू. काचेतून ९२ भाग डोळ्यापर्यंत पोहोचले आणि त्वचेने त्यातला एक तृतीयांश परत पाठवला असं धरू. म्हणजे सुमारे ३१ भाग. ते पुन्हा काचेतून बाहेर येताना २८ उरतात. समोर उजळ आकाश असेल तर त्याच वेळी काचेवरून आठ भाग परावर्तित होतात. अठ्ठावीसपुढे आठचं फारसं चालत नाही, म्हणून साध्या काचेतून डोळे स्पष्ट दिसतात आणि वर एखादी झाक तरंगते.

हाच हिशेब गॉगलला लावा. भर उन्हासाठीचा नेहमीचा गडद गॉगल आंतरराष्ट्रीय मानकात तिसऱ्या वर्गात येतो. त्यातून शंभरातले ८ ते १८ भागच पार होतात. आपण १५ धरू. आत गेले १५, त्वचेने परत दिले पाच आणि ते पुन्हा त्याच गडद काचेतून बाहेर आले. पाचाचे १५ टक्के म्हणजे जेमतेम पाऊण भाग. पुढच्या पृष्ठभागावरून परत फिरणारे चार भाग मात्र तसेच राहतात. पाऊण विरुद्ध चार! त्यामुळे डोळे बुडतात आणि आकाश चमकतं. प्रत्यक्षात फ्रेमच्या कडेने थोडा प्रकाश आत शिरतो, म्हणून डोळ्यांची पुसट चाहूल लागते. पण गॉगल आरशासारखा का दिसतो, ते या हिशेबातून कळतं. गॉगल साध्या काचेपेक्षा जास्त परावर्तन करत नाही. त्याच्या मागे अंधार असतो, म्हणून तेच चार भाग उठून दिसतात.

एआयला हा हिशेब कोणी शिकवलेला नसतो. त्याने लाखो छायाचित्रं आणि त्यांच्या ओळी पाहून 'गॉगल म्हटलं की चकाकी असते' एवढं उचललेलं असतं. चकाकी कशाची, हे सांगणं आपल्याकडे राहतं.

पारदर्शक काच मागताना

आपली फ्रेम ठरवू. काळी, गोलसर, ॲसिटेटची, म्हणजे जुने चष्मेवाले जिला शेल फ्रेम म्हणतात ती. आधी नंबरच्या चष्म्यासारखं, साध्या काचांचं चित्र करायचं आहे.

पहिला घोळ शब्दांतच होतो. एआय साधनं मराठी समजू लागली असली तरी बरेच जण इंग्रजीतच प्रॉम्प्ट लिहितात, कारण ही साधनं ज्या चित्रांच्या ओळींवर शिकली त्यांतल्या बहुतांश इंग्रजीत होत्या. पण तिथे `glasses` लिहिलं तर ते पाण्याचे पेलेही असू शकतात. `clear glasses` लिहिलं तर अनेकदा पारदर्शक फ्रेमच येते, कारण तशा फ्रेमलाही इंग्रजीत तेच म्हणतात. म्हणून चष्म्याला `eyeglasses` लिहावं, पारदर्शकपणा `lenses` या शब्दाला जोडावा आणि फ्रेमचा रंग वेगळा, फ्रेमलाच चिकटवून लिहावा. एकाच वाक्यात दोन-तीन रंग एकत्र आले की ते एकमेकांत मिसळतात. काळी फ्रेम आणि तपकिरी काच मागितली की फ्रेमही तपकिरी होऊन येते, हा रोजचा अनुभव आहे.

दुसरा घोळ नकाराचा. लोक लिहितात, `no reflection`. जुन्या धाटणीच्या साधनांना नकार नीट कळत नाही. `reflection` हा शब्द वाचला की ती प्रतिबिंब आणूनच ठेवतात. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथे तो शब्द चालतो. आणि नवं साधन नकार समजलं, तरी झाक अगदीच पुसून टाकणं चुकीचं आहे. तशा चित्रात फ्रेममध्ये काचच बसवलेली नाही असं वाटतं. दुकानातल्या ग्राहकाला ते शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याच्या डोळ्याला ते खुपतं.

मग झाक नेमकी किती आणि कुठे हवी? स्टुडिओत आम्ही ती दिव्याच्या जागेने ठरवतो. प्रकाश ज्या कोनात येऊन आदळतो त्याच कोनात परत जातो. दिवा कॅमेऱ्याजवळ, डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर त्याची पांढरी चौकट थेट बुबुळावर येऊन बसते. तोच दिवा वर आणि बाजूला सरकवला की झाक काचेच्या वरच्या कोपऱ्यात सरकते किंवा पार निघून जाते. कॅमेऱ्यामागची भिंत काळी ठेवली तर काचेला परत पाठवायला काही उरतच नाही. प्रॉम्प्टमध्ये हीच मांडणी शब्दांत करायची:

```
front view portrait, woman wearing round eyeglasses,
black acetate frame, clear lenses, both eyes fully visible,
one large window high on the left,
one small soft highlight in the upper left of each lens,
dark wall behind the camera
```

यात काचेला विशेषण एकच आहे. बाकी सगळं काचेच्या अवतीभोवतीचं आहे. डोळे दिसायला हवेत हे स्पष्ट सांगितलं आहे, खिडकी कुठे आहे ते सांगितलं आहे आणि झाक प्रत्येक काचेच्या एकाच कोपऱ्यात मागितली आहे. खिडकी डावीकडे असेल तर झाक दोन्ही काचांत डावीकडेच यायला हवी. एका काचेत डावीकडे आणि दुसऱ्या काचेत उजवीकडे आली, तर चित्र सरळ बाजूला टाकावं.

अँटी-ग्लेअर कोटिंगची काच दाखवायची असेल तर झाक फिकी आणि हिरवट किंवा निळसर-जांभळट मागावी. या कोटिंगमुळे परत फिरणारा प्रकाश आठ भागांवरून साधारण एका भागावर येतो आणि त्या उरलेल्या एका भागाला रंग असतो. पांढरीशुभ्र, ठसठशीत झाक दाखवून खाली 'अँटी-ग्लेअर' लिहिलं, तर चित्र आणि मजकूर एकमेकांशी भांडतात.

नंबरच्या काचेची आणखी एक खूण आहे. मायनस नंबरच्या काचेतून पाहिलं की डोळे लहान दिसतात आणि काचेच्या कडेशी गालाची रेघ आत सरकलेली दिसते. जाड नंबर असलेल्या घरच्या कोणाकडे पाहा, लगेच लक्षात येईल. दुकानातल्या नव्या फ्रेमला बिननंबरची दाखवण्याची काच असते, तिच्यातून गालाची रेघ सरळच जाते. एआय कधीकधी एका काचेत रेघ सरकवतं आणि दुसरीत सरळ ठेवतं. फ्रेमच्या जाहिरातीत दोन्हीकडे ती सरळ असावी. जाड नंबरच्या काचांची जाहिरात असेल, तर दोन्हीकडे ती सारखी सरकलेली असावी.

गॉगलमध्ये समुद्र

आता त्याच फ्रेममध्ये तपकिरी काचा बसवू आणि परत त्या किनाऱ्यावर जाऊ. प्रॉम्प्ट लिहिण्याआधी कागदावर एक छोटा नकाशा काढावा, मी अजूनही काढतो. मधे मुलगी. तिच्या मागे माड. तिच्यासमोर कॅमेरा आणि कॅमेऱ्याच्या मागे समुद्र. गॉगलचं तोंड कॅमेऱ्याकडे आहे, म्हणून त्यात कॅमेऱ्यामागचं दिसणार: समुद्र, त्यावरचं आकाश, पुढची वाळू आणि खऱ्या छायाचित्रात तर छायाचित्रकाराची बारीक काळी आकृतीसुद्धा. माड दिसणार नाहीत.

गॉगलची काच बाहेरच्या बाजूला फुगीर असते, त्यामुळे ती मोटारीच्या बाजूच्या आरशासारखं काम करते. चित्र सुलट दिसतं, पण लहान होतं आणि त्यात पुष्कळ मोठा परिसर मावतो. क्षितिजाची रेघ किंचित वाकते. शिवाय चष्मा नाकावर बसतो तेव्हा त्याची खालची कड गालाकडे झुकलेली असते, म्हणून काच थोडी जमिनीकडे पाहते आणि क्षितिज काचेच्या मधोमध न येता जरा वर सरकतं. दोन काचांमधलं अंतर सहा-सात सेंटिमीटर आणि समुद्र कितीतरी दूर, त्यामुळे दोन्ही काचांत जवळजवळ एकच देखावा असतो. एका काचेत माड आणि दुसऱ्या काचेत इमारती, असं कधीच घडत नाही.

```
same round black acetate frame, brown gradient lenses,
darker at the top, eyes faintly visible near the lower edge,
both lenses reflect the same scene, small and slightly curved:
bright sky, sea horizon above the middle, dark wet sand below,
palm trees only behind her
```

शेवटची ओळ फार कामाची आहे. माडांची जागा 'फक्त तिच्या मागे' अशी बांधून टाकली की ते काचेत घुसण्याची शक्यता कमी होते. पूर्ण थांबतेच असं नाही, म्हणून चार-पाच चित्रं काढून त्यातलं बिनचूक निवडावं लागतं.

रंगछटेबद्दल एक सांगतो. आपल्याला हवी असते वरून गडद आणि खाली फिकी होत जाणारी काच, आणि घाईत लिहिलं जातं `reflective sunglasses`. त्यातून बहुतेक वेळा मर्क्युरी गॉगल येतो, म्हणजे आरशाचा थर दिलेला, ज्यात डोळे मुळीच दिसत नाहीत. तो वेगळा माल आहे आणि त्याची किंमतही वेगळी असते. म्हणून काचेच्या रंगाचं आणि प्रतिबिंबाचं वाक्य वेगळं ठेवावं. आधी काच किती गडद, मग तिच्यात काय दिसतं. फिकी काच असेल तर डोळे दिसायला हवेत आणि प्रतिबिंब पुसट हवं. गडद काच असेल तर याच्या उलट. पाऊण आणि चारचा हिशेब डोक्यात असला की हा तोल आपोआप सांभाळला जातो.

मिलिमीटर एआयला कळत नाही

आता चष्मेवाल्यांची दुसरी तक्रार: नाजूक फ्रेम जाड झाली. त्यांनी प्रॉम्प्टमध्ये फ्रेमची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिली होती. तसं केलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. पण चित्र काढणाऱ्या एआयजवळ पट्टी नसते. ज्या चित्रांवर ते शिकलं त्यांच्या ओळींत 'नाजूक तारेची फ्रेम' किंवा 'जाड ॲसिटेट' असे शब्द होते, मापं क्वचितच होती. त्यामुळे आकडा वाया जातो. कधी तर तो चित्रात अक्षरांसारखा उमटतो.

तारेची फ्रेम बिघडण्याचं आणखी खोल कारण आहे. २०२२ साली खुलं झालेलं 'स्टेबल डिफ्यूजन' हे साधन उदाहरणादाखल घेऊ. ते ५१२ बाय ५१२ बिंदूंचं चित्र थेट रंगवत नाही. आतल्या आत ते ६४ बाय ६४ घरांच्या आटोपशीर जाळीवर काम करतं आणि शेवटी त्याचं मोठं चित्र उलगडतं. म्हणजे जाळीचं एक घर चित्रातल्या आठ बाय आठ बिंदूंइतकं. आता कमरेपर्यंतच्या चित्रात चेहऱ्याची रुंदी दीडशे बिंदू आहे असं धरा. खरा चेहरा साधारण दीडशे मिलिमीटरचा, तेव्हा एक मिलिमीटर म्हणजे एक बिंदू. सव्वा मिलिमीटरची तार म्हणजे सव्वा बिंदू आणि जाळीचं घर तर आठ बिंदूंचं! इतकी बारीक रेघ त्या जाळीत नीट मावत नाही. ती कुठे तुटते, कुठे फुगते, कुठे भुवईतच विरघळते.

यावरचा उपाय सोपा आहे: जवळून चित्र मागा. १०२४ बिंदूंच्या चित्रात १४० मिलिमीटरचा चष्मा ९०० बिंदू व्यापेल इतका जवळ आणला, तर एका मिलिमीटरला साडेसहा बिंदू येतात आणि तीच तार आठ बिंदूंची होते. रेघ टिकते. पूर्ण उभं चित्र हवं असेल तर आधी तसं काढून मग डोळ्यांचा भागच निवडावा आणि तेवढाच मोठ्या मापात पुन्हा काढून घ्यावा. बहुतेक साधनांत अशी सोय असते.

जाडीचं वर्णन करताना आकड्याऐवजी तुलना लिहावी. आणि जाडी म्हणजे कुठली, हेही सांगावं, कारण फ्रेमला दोन जाड्या असतात. एक समोरून दिसणारी, काचेभोवतीच्या कडेची रुंदी. दुसरी बाजूने दिसणारी, म्हणजे ज्या पत्र्यातून फ्रेम कापली त्याची जाडी. समोरून नाजूक दिसणारी शेल फ्रेम बाजूने चांगली भरीव असू शकते. `slim rim seen from the front, temples wider than the rim` असं लिहिलं की काड्या रुंद आणि कडा नाजूक येण्याची शक्यता वाढते. नुसतं `thin frame` लिहिलं तर शेल फ्रेम अनेकदा तारेची होऊन येते.

पट्टी लावून तपासणी

जाडी खरी आहे की नाही, ते डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. त्यासाठी लागणारी मापं चष्म्यावरच छापलेली असतात. काडीच्या आतल्या बाजूला पाहा. आपल्या फ्रेमवर ५०, मग एक छोटा चौकोन, मग २०, आणि पुढे १४५ असं लिहिलं होतं. ५० ही एका काचेची आडवी रुंदी, २० हे नाकावरच्या ब्रिजचं अंतर आणि १४५ ही काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. कडेची रुंदी छापलेली नसते, ती पट्टीने मोजली. साडेचार मिलिमीटर भरली.

मग चष्मेवाल्यांना एआयने दिलेल्यांपैकी अगदी समोरून काढलेलं एक चित्र फोटो दुरुस्तीच्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडलं. काचेची रुंदी भरली २२० बिंदू. खरी रुंदी ५० मिलिमीटर, म्हणून एका मिलिमीटरला ४.४ बिंदू. या हिशेबाने साडेचार मिलिमीटरची कड सुमारे २० बिंदूंची असायला हवी होती. चित्रात ती ३१ बिंदूंची होती, म्हणजे सात मिलिमीटर! ब्रिज ८८ बिंदूंचा हवा होता, तो ७० होता, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. ही त्यांच्या दुकानातली फ्रेम नव्हतीच. तिच्यासारखी दिसणारी, प्रत्यक्षात कुठेच नसलेली फ्रेम होती.

चेहरा थोडा वळलेला असेल तर आडवी मापं आखूड दिसतात. अशा वेळी काचेच्या उंचीशी तुलना करावी, कारण चेहरा बाजूला वळल्याने उंची फारशी बदलत नाही. काचेची खरी उंची आधी पट्टीने मोजून ठेवली की झालं.

या तपासणीनंतर आम्ही मार्ग बदलला, आणि विक्रीच्या चित्रासाठी मी सर्वांना तोच सांगतो. फ्रेमचा फोटो आधी खराखुरा काढायचा. चष्मा पांढऱ्या कागदावर, काड्या उघडलेल्या, कॅमेरा अगदी समोर. मोबाइल अगदी जवळ नेऊ नये. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि काड्या आक्रसतात. एक-दीड मीटर मागे उभं राहून झूम करावं. शेजारी पट्टी ठेवून दुसरा फोटो घ्यावा, तो मापासाठी. मग हा फोटो साधनाला नमुना म्हणून द्यावा आणि फ्रेमचा भाग मास्कने झाकून ठेवावा, म्हणजे तेवढ्या भागाला एआय हात लावणार नाही. मागचा देखावा, चेहऱ्यावरचा प्रकाश आणि काचेच्या आतली जागा एवढंच त्याच्याकडून करून घ्यावं. नमुन्याच्या फोटोत दुकानाच्या ट्यूबलाइटची रेघ काचेत आली असेल तर ती आधीच टाळावी, नाहीतर समुद्रकिनाऱ्यावरच्या मुलीच्या चष्म्यात ट्यूबलाइट चमकेल. चष्मा थोडा कलता करून किंवा कॅमेऱ्यामागे काळं कापड धरून ती घालवता येते.

असं केल्यावर कड वीस-एकवीस बिंदूंची आली, ब्रिज ८८ चा आला आणि दोन्ही काचांत क्षितिजाची एकच वाकडी रेघ दिसली. चष्मेवाल्यांनी चित्र आणि हातातली फ्रेम शेजारी धरून पाहिली. आता काही खटकत नव्हतं.

या मार्गाला मर्यादा आहेत. नमुन्याचा फोटो समोरून असेल तर फ्रेम तिरप्या चेहऱ्यावर बसवता येत नाही. साधन मग तिचं वळण मनाने ठरवतं आणि बिजागरी, ठोकलेले खिळे, काडीवरची अक्षरं हमखास बिघडवतं. तिरपं चित्र हवं असेल तर फ्रेमचा फोटो त्याच कोनातून पुन्हा काढावा. रिमलेस चष्म्यांत काचेची कड हीच फ्रेम असते, त्यामुळे तिथे मास्क लावायला जागाच उरत नाही. त्या चष्म्यांची विक्रीची चित्रं अजून तरी मी कॅमेऱ्यानेच काढतो, दुसऱ्या कुठल्याही पद्धतीवर माझा भरवसा बसलेला नाही.

चित्रातला चष्मा विकायचा नसेल, कथेसाठी किंवा मुखपृष्ठासाठी हवा असेल, तर सात मिलिमीटरची कड कोणाचं नुकसान करत नाही. विकायचा असेल तर प्रश्न वेगळा होतो. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी जुळणारी असणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. चित्र एआयने काढलं, हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. नाजूक फ्रेम पाहून पैसे भरणाऱ्याच्या हातात नाजूक फ्रेमच पडली पाहिजे.

म्हणून चित्र दुकानाच्या पानावर चढवण्याआधी तीन गोष्टी पाहा. दोन्ही काचांत एकच देखावा आहे का, तो देखावा कॅमेऱ्याच्या मागचा आहे का, आणि काडीवरच्या आकड्यांनी मोजल्यावर कड जमते का. तीनपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर ते चित्र वापरू नका.